पोळ्याच्या आदल्या रात्री बैलाचा खांदाच का शेकतात?

श्रावण संपत आला की मोबाईलवर बैल दिसायला लागतात. रंगवलेली शिंगं, आरशांची झूल, कपाळावर बाशिंग, मागे हलगी किंवा डफडं. रील्समधला पोळा हा असा दिवसाउजेडीचा, मिरवणुकीचा असतो. पण विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी विचारा, पोळा सुरू होतो आदल्या दिवशी संध्याकाळी, आणि त्याचे फोटो सहसा कुणी काढत नाही.

त्या संध्याकाळी बैल गोठ्यात आले की घरातलं माणूस कोमट पाणी, हळद आणि तूप किंवा लोणी घेऊन येतं. बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे जी जागा असते ती गरम पाण्याने शेकतात. विदर्भात शेकायला पळसाची पानं घेतात. मग हळद-तूप लावून ती जागा हाताने चोळतात. याला कुठे खांदमळणी म्हणतात, कुठे खांदशेकणी. चोळून झालं की बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात, एखाद्या पाहुण्याला द्यावं तसं. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर काहीच ओझं टाकायचं नाही, चाबूक उचलायचा नाही.

आता प्रश्न असा की खांदाच का? बैल चालतो पायांवर, ओढतो सगळ्या शरीराने. मग पाय शेकायचे, पाठ चोळायची. पण सणाच्या आदल्या रात्रीचा सगळा मान जातो हातभर जागेला. याचं उत्तर धार्मिक पोथीत शोधण्यापेक्षा जुवात शोधलेलं बरं.

जू म्हणजे दोन बैलांच्या मानेवर आडवं बसणारं लाकूड. त्याला भोकं असतात, त्यात शिवळा घालतात आणि मानेखालून दोरी किंवा पट्टा बांधतात. बैल पुढे चालला की त्याचं वशिंड मागून या लाकडाला अडतं आणि ते पुढे ढकललं जातं. म्हणजे आपण म्हणतो बैल ओढतो, पण नीट पाहिलं तर बैल खांद्याने लाकूड ढकलत असतो. आपल्या देशी बैलाला वशिंड आहे म्हणूनच हे जू टिकतं, नाहीतर पाठीवरून घसरलं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चारशे किलोचा एक चांगला बैल दिवसभर दम न लागता काम करायचा असेल तर साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ओढ सहन करतो. म्हणजे एका बैलाची चाळीस किलो, जोडीची ऐंशी. अडचणीच्या जागी तो याच्या कितीतरी पट जोर लावतो, पण तो थोडा वेळ. रोज चार-सहा तास चालणारी ही चाळीस किलोंची ओढ संपूर्ण शरीरावर पसरत नाही. ती पडते तळहाताएवढ्या कातडीवर, आणि ती सुद्धा घासत घासत. बैल पाऊल टाकतो तसं जू डावी-उजवीकडे हलतं. तास सरळ नसेल, जमीन ढेकळाची असेल तर आणखी हलतं.

यात पाऊस आला की गोष्ट बिघडते. कोरडी कातडी घासणं सहन करते, भिजलेली कातडी मऊ पडते आणि लवकर सोलते. बूट ओले असताना दोन किलोमीटर चाललेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि आपल्याकडे बैलाचं सगळ्यात दाट काम नेमकं पावसातच असतं. रोहिणी-मृगात पेरणीची घाई, मग आषाढ-श्रावणात डवरणी किंवा कोळपणी. पिकाच्या दोन ओळींमधलं तण काढायला आणि माती हलवायला हलकं औत घेऊन बैल पुन्हा पुन्हा शेतात उतरतात. पाऊस उघडला की लगेच जुंपायचं, कारण वापसा गेला की तण डोक्यावर चढतं. खांदा वाळायला वेळच मिळत नाही.

यातून होतो तो आजार म्हणजे खांदेसूज. सुरुवातीला काहीच दिसत नाही. सकाळी जू ठेवताना बैल मान खाली घेतो, अंग चोरतो, किंवा एका बाजूला सरकतो. अनुभवी माणूस तेवढ्यावरून ओळखतो. हात ठेवला तर ती जागा बाकीच्या अंगापेक्षा गरम लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज दिसते. या टप्प्यावर बैलाला आठ-दहा दिवस सोडलं तर बहुतेक वेळा सूज उतरते. पण पेरणीच्या दिवसांत बैल सोडणं म्हणजे पेरणी सोडणं, म्हणून तसाच जुंपला जातो. मग एक तर आत पू होतो, कातडी फुटते, जखमेवर माशा बसतात आणि अळ्या पडतात. नाहीतर सूज हळूहळू कडक होत जाते आणि तिथे कायमची गाठ बसते. अशी गाठ बसलेला बैल बाकी कितीही तब्येतीचा असो, कामातून गेला. बाजारात बैल घेणारा माणूस दात बघतो, खूर बघतो, आणि मानेवरून हात फिरवतो, तो याच गाठीसाठी.

खांदा का सुजला हे शोधायलाही ठरावीक जागा आहेत. जोडी उंचीने सारखी नसेल तर बुटक्या बैलाच्या मानेवर जू तिरपं बसतं. जू नवीन असेल, त्याची कड गोल केलेली नसेल, तर ती कापते. गाडीत माल पुढे जास्त भरला तर ओढीबरोबर वरून दाबही येतो, मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते आणि मानेखालची दोरी गळ्याला काचते. आणि पहिल्यांदाच जुंपलेला खोंड असेल तर त्याच्या खांद्याची कातडी अजून तयार झालेली नसते. त्याला पहिल्या महिन्यात दोन तासांवर जुंपायचं नाही असं जुनी माणसं सांगायची, ते उगाच नाही.

मग हळद-तुपाने काय होतं? खरं सांगायचं तर आजार बरा होत नाही. शेकण्याने त्या जागेचं रक्ताभिसरण वाढतं, तुपाने कातडी मऊ राहते, आणि हळद जखमेवर लावायची आपली जुनी सवय आहेच. पण खांदमळणीचा मोठा उपयोग वेगळा आहे. वर्षातून एकदा का होईना, मालकाचा हात त्या जागेवरून सावकाश फिरतो. गाठ असेल तर हाताला लागते, गरम असेल तर कळतं, केस गेलेले असतील तर दिसतात. जनावरांच्या डॉक्टरांच्या भाषेत ही तपासणीच झाली. ताजी, गरम सूज असेल तर पहिल्या दिवशी थंड पाणी आणि त्यानंतर शेक, पू झालेला असेल तर घरी ब्लेड न लावता डॉक्टर, आणि दोन्ही वेळेला जू बंद. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी पाळली जाते.

आता तारखांकडे बघू, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर या पट्ट्यात पोळा श्रावण अमावस्येला, म्हणजे पिठोरी अमावस्येला असतो. पण सांगली, सातारा, कोल्हापूरकडचा माणूस म्हणेल आमचा बेंदूर तर केव्हाच झाला. तिकडे आषाढातल्या पौर्णिमेच्या आसपास महाराष्ट्रीय बेंदूर असतो, आणि सीमेलगतच्या गावांत त्याच्याही आधी, ज्येष्ठ पौर्णिमेला, कर्नाटकी बेंदूर. कर्नाटकात त्याच दिवसाला कार हुण्णिमे म्हणतात. उलट जुन्नर, आंबेगाव, खेड या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या भागात भाद्रपद अमावस्येला पोळा करणारी गावं आहेत. म्हणजे बैलाचा सण एकच, पण ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत जवळपास साडेतीन महिन्यांत पसरलेला.

माझ्या मते हा फरक पंचांगाचा कमी आणि शेताचा जास्त आहे. विदर्भातली कपाशी, तूर, ज्वारी श्रावण संपता संपता एवढी वाढते की दोन ओळींची पानं एकमेकांना टेकतात. आता आत औत घालायचं म्हटलं तर पीक मोडेल. म्हणजे डवरणी आपोआप बंद होते आणि रब्बीची मशागत सुरू होईपर्यंत बैल मोकळा असतो. पोळा बरोबर या फटीत बसतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जुंपायचं असतं तर खांदा शेकून उपयोग काय?

पोळ्याच्या दिवशी सकाळी बैल नदीवर, ओढ्यावर नेऊन धुतात. शिंगं घासून त्यांना हिंगूळ लावायची पद्धत होती, आता बहुतेक ठिकाणी ऑइलपेंट आला आहे. शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगरमाळ आणि कवड्यांची माळ, नवी वेसण, नवा कासरा. संध्याकाळी गावाच्या शिवेजवळ किंवा मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली सगळ्या गावाच्या जोड्या रांगेत उभ्या राहतात. मानाची जोडी पुढे असते. तोरण तुटलं की पोळा फुटला, आणि बैल घराकडे निघतात.

तोरण तुटायच्या आधीचा वेळ विदर्भात झडत्यांचा असतो. झडती म्हणजे एका दमात म्हणायची यमक जुळवलेली ओळींची माळ, आणि शेवटी हर बोला हर हर महादेव. सुरुवात देवाने होते, पण लगेच गाडी खाली उतरते. कापसाचा भाव, सावकार, वीज, गावचा सरपंच, मुंबईतलं सरकार, सगळ्यांची हजेरी लागते. ज्याचं नाव घेतलं तो समोर उभा असला तरी त्याने हसायचं असतं. वर्षभर गप्प राहणारा माणूस त्या दिवशी बैलाचा कासरा हातात धरून बोलतो. पोळ्याच्या झडत्यांत शेतमालाच्या भावाचा विषय आला नाही असं वर्ष सापडणं अवघड आहे.

बैल घरोघरी जातात तेव्हा घरातली बाई पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पुरणपोळी खायला घालते. सोबत आलेल्या गड्याला पैसे देतात, त्याला विदर्भात बोजारा म्हणतात. हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण ज्याच्या नावावर सातबारा असतो तो आणि जो रोज बैलामागे चालतो तो, हे दोघे पुष्कळदा वेगळे असतात. चारापाणी गडी करतो, पहाटे उठतो गडी, आणि बैल ओळखतो तोही गड्याचाच आवाज.

पुरणपोळीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण दरवर्षी पोळ्यानंतर जनावरांच्या दवाखान्यात याच्या केस येतात. बैलाचं मोठं पोट चाऱ्यासाठी बनलेलं आहे. त्यातले सूक्ष्मजीव गवत, कडबा हळूहळू आंबवतात. त्यात अचानक वीस घरच्या पुरणपोळ्या, वर ज्वारीच्या घुगऱ्या पडल्या की पिठूळ आणि गोड पदार्थ वेगाने आंबतात आणि पोटात आम्ल वाढतं. बैल रवंथ थांबवतो, डावी कूस फुगते, शेण पातळ आणि आंबूस वासाचं होतं, जनावर सुस्त होऊन बसतं. रवंथ थांबलं हे पहिलं लक्षण. ते दिसलं की उद्या बघू म्हणण्यात अर्थ नसतो, कारण हे एका रात्रीत जिवावर जाऊ शकतं. एक पोळी घासापुरती मोडून दिली तर मानही राहतो आणि पोटही. बाकीच्या पोळ्या गड्याच्या घरी गेल्या तर कुणाचीच हरकत नसावी.

इथपर्यंत सगळं ठीक आहे, पण तोरणाखालची रांग दरवर्षी छोटी होते आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात गायवर्गातले नर, म्हणजे गोऱ्हे, वळू, बैल सगळे मिळून, सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे ४ कोटी ७४ लाख निघाले. सात वर्षांत जवळपास ३० टक्के घट. त्याच काळात देशातल्या गायी १८ टक्क्यांनी वाढल्या. महाराष्ट्रात गायवर्गातली एकूण जनावरंच १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली. म्हणजे लोकांनी जनावरं पाळणं सोडलेलं नाही, बैल पाळणं सोडलं आहे.

का, ते एका हिशोबाने बघू. समजा यवतमाळ जिल्ह्यात एकाची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. एका जोडीने दिवसात साधारण दोन एकर वखरणी होते. दोन पाळ्या धरल्या तर पाच दिवस. पेरणीला दोन दिवस. डवरणी दिवसाला अडीच एकर धरली आणि चार फेऱ्या केल्या तर आठ दिवस. शेणखत नेणं, माल घरी आणणं, अशी गाडीची कामं वीस दिवस धरू. बेरीज झाली पस्तीस. बैल भाड्याने दुसऱ्याच्या शेतात दिले तर आणखी काही दिवस. पण स्वतःच्या शेतात वर्षातले तीनशे तीस दिवस ही जोडी उभी आहे.

उभी असली तरी खाणार. चारशे किलोच्या बैलाला दिवसाला नऊ किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. जोडीला अठरा किलो. वर्षाचा हिशोब साडेसहा टन. पूर्वी हा चारा विकत घ्यावा लागत नव्हता, कारण शेतात ज्वारी होती आणि ज्वारीबरोबर कडबा फुकट मिळायचा. एकरी दोन-अडीच टन कडबा धरला तर या जोडीसाठी पावणेतीन एकर ज्वारी हवी. पाच एकरांतली अर्ध्याहून जास्त जमीन. बांधावरचं गवत आणि चराई धरून ती थोडी कमी होईल, पण ज्याने पाचही एकरांत कपाशी आणि सोयाबीन घेतलं आहे त्याला हा चारा रोख पैसे देऊन आणावा लागतो. पऱ्हाटी बैल खात नाही, सोयाबीनचं कुटार कडब्याची बरोबरी करत नाही. गायरानं कमी झाली ती गोष्ट वेगळीच.

म्हणून लोक सरळ म्हणतात की ट्रॅक्टर आला आणि बैल गेला, ते अर्धंच खरं आहे. ट्रॅक्टरच्या आधी ज्वारी गेली. आणि ट्रॅक्टर काम नसताना डिझेल पीत नाही. बैलाच्या बाजूने एकच मोठी रक्कम उरते, ती शेणाची. जोडीचं दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण, वर्षाला सात ते नऊ टन. पण शेणाचा पैसा हातात येत नाही, तो जमिनीत जातो आणि तीन-चार वर्षांनी दिसतो. आणि उभ्या पिकात डवरणी करायला अजूनही बैल लागतो, कारण मोठा ट्रॅक्टर ओळींत शिरत नाही. म्हणून विदर्भात चित्र असं आहे की नांगरणी ट्रॅक्टरची, डवरणी बैलाची, आणि बैल गावातल्या पाच-सहा घरांकडे उरलेले, बाकीच्यांनी भाड्याने घ्यायचे.

या हिशोबात एक ओळ अजून राहिली आहे, आणि तीच सगळ्यात अवघड. बैल कामाला लागतो तीन-साडेतीन वर्षांचा असताना आणि साधारण बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत ओढतो. त्यानंतरही तो पुष्कळ वर्षं जगू शकतो. त्या वर्षांचा चारा कुणी द्यायचा?

महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. बैल आणि वळू त्यात नव्हते. १९९५ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये, आणि त्या वर्षीच्या मार्चपासून बैल आणि वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

या कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, बैलबाजारावर त्याचा परिणाम समजून घ्यायला हवा. आधी म्हाताऱ्या जोडीचे जे पैसे यायचे त्यात भर टाकून शेतकरी नवी जोडी घ्यायचा. ते पैसे कुठून येतात हे तो जाणून होता, आणि बरेच जण त्याबद्दल बोलायचे नाहीत. काही जण विकायचेही नाहीत, दावणीला मरू द्यायचे आणि बांधावर पुरायचे. २०१५ नंतर न चालणाऱ्या बैलाला गिऱ्हाईकच उरलं नाही. शेतीकामासाठी बैल विकणं आजही कायदेशीर आहे, पण वाटेत गाडी अडवली जाईल या भीतीने चालत्या बैलाचाही बाजार दबकत चालतो. ज्याला म्हातारा बैल पोसणं जमत नाही त्याच्यापुढे गोशाळा उरते, जिथे जागा असेलच असं नाही, किंवा रात्री दावं सोडून देणं. मोकाट जनावरांनी पीक खाल्लं ही तक्रार करणारा आणि दावं सोडणारा कधीकधी एकाच गावचे असतात. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपयांचं अनुदान ठरवलं. योजना गाईंची आहे. पोळा ज्याचा, तो बैल या नावात नाही.

दुसरीकडे ज्या बैलांना भरपूर काम आहे त्यांची गोष्ट वेगळी. पोळा झाला की दोन-अडीच महिन्यांत ऊसतोडीचा हंगाम. बीड आणि आसपासच्या भागातून जोड्या पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत ऊस ओढतात. यांच्यासाठी १९६५ चे केंद्र सरकारचे नियम आहेत, जे फार थोड्या लोकांना माहीत असतात. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. मध्यम आकाराचा एक बैल आणि हवेच्या टायरची दुचाकी गाडी असेल तर १०५० किलो, जोडी असेल तर दुप्पट. आणि टोकाला खिळा असलेली काठी, म्हणजे आर लावलेली पराणी, वापरायचीच नाही.

आता मजुराच्या बाजूने बघा. त्याला पैसे टनावर मिळतात आणि उचल आधीच घेतलेली असते. खेप अर्धी नेली तर कमाई अर्धी. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडीचं वजन रोज कागदावर येतं, म्हणजे जास्त भार ओढला की नाही हे कळायला तपासनीस पाठवायचीही गरज नाही, पावती बघितली तरी पुरे. तरी दंड झालाच तर तो होणार गाडीवानाला. मला वाटतं बैलांचं ओझं कमी करायची खरी किल्ली टनाच्या दरात आहे, गाडीवानाच्या मनात दया उत्पन्न करण्यात नाही. जानेवारी-फेब्रुवारीत साखर कारखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बैलांची मान बघितली तर श्रावणात शेकलेल्या खांद्याचं काय झालं ते दिसतं.

शर्यतीच्या बैलांची गोष्ट आणखी निराळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला बंदी घातली, डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ ला राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर शर्यतीच्या खिल्लार खोंडांना चांगले दिवस आले. पण शर्यतीचा बैल आणि डवऱ्याचा बैल यांचा आहारही वेगळा आणि मालकही वेगळा. एकाच्या किमतीने दुसऱ्याचा गोठा टिकत नाही.

आता वशिंडाकडे परत येऊ. दुधासाठी आपण गावोगाव होल्स्टिन आणि जर्सीचं रेतन केलं. त्या संकरातून जो गोऱ्हा होतो त्याला वशिंड नसतं किंवा अगदी बारीक असतं. त्याच्या मानेवर जू नीट बसत नाही, ऊन त्याला सोसत नाही. तो बैल म्हणून कुणाला नको, म्हणून जन्मल्यापासून त्याच्या वाट्याला दूधही कमी येतं आणि बरेचसे काही महिन्यांतच मरतात. यावर आता उपाय आला आहे तो लिंगनिश्चित रेतमात्रेचा. प्रयोगशाळेत शुक्रजंतू वेगळे काढलेली ही मात्रा वापरली तर होणारी शंभरातली नव्वदच्या आसपास वासरं कालवडी असतात. दुधाच्या धंद्याला हे सोयीचं आहे, आणि उपाशी मरणारे गोऱ्हे जन्मालाच येणार नाहीत हेही खरं. पण ही मात्रा उद्या देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या ओढकामाच्या जातींमध्येही सरसकट आली, तर वळूसाठी आणि जोडीसाठी गोऱ्हे निवडायला मागे काय शिल्लक राहील, हे ठरवणारं माणूस गावात नसतं.

यंदा गावी जाणार असाल तर मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी पोहोचा. गोठ्यात कोमट पाणी ठेवलेलं असेल. बैल परका हात लगेच लावू देत नाही, म्हणून आधी गड्याला विचारा, आणि त्याने हो म्हटलं तर वशिंडाच्या पुढे हात ठेवून बघा, कातडी जाड आणि केस गेलेली लागते, गरम आहे का, मध्ये कुठे सुपारीएवढं काही लागतंय का.